अकरावीचा पेपर: मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं आवरण फाडलं तर काय, आतलं फाडलं तर काय?

स्नेहल_राजारामपुरी
मुलगी अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या चाचणीत सरांनी एक प्रश्न घातला होता, तो तसाच देते:

पेशीतून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढले आहेत. (अ) फक्त बाहेरचं आवरण फोडलं, (ब) आतल्या आवरणाला भोकं पाडली, (क) क्रिस्टा, म्हणजे आतल्या आवरणाच्या घड्या, नाहीशा करून आतलं आवरण सपाट केलं. प्रत्येक वेळी ऑक्सिजनचा वापर आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, यांचं काय होईल?

तिनं (अ) ला लिहिलं की दोन्ही बंद. (ब) ला पण दोन्ही बंद. (क) ला लिहिलं, पृष्ठफळ कमी म्हणून एटीपी कमी. (क) ला पूर्ण मार्क, पहिल्या दोन्हींना भोपळा. सर म्हणाले विचार कर. ती विचार करून करून रडकुंडीला आलीय आणि मी कॉमर्सची. आवरण फाटल्यावर दोन्ही बंदच पडायला नको का? आकृती तर तिला पाठ आहे, रंगवून भिंतीला चिकटवलीय.

पेठेतला_बाळ्या
ताई, आमच्या वेळी आकृती काढली की निम्मे मार्क मिळायचे. आता फाडायला पण लावाल्यात काय? 😄

गूळपोळी
नीटची तयारी करतोय म्हणून सांगतो. तिचं (अ) बरोबरच आहे असं माझं मत. अन्नातले इलेक्ट्रॉन साखळीनं ऑक्सिजनपर्यंत जाताना आतल्या आवरणातले पंप हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, मॅट्रिक्समधून, म्हणजे सगळ्यात आतल्या पोकळीतून, दोन आवरणांच्या मधल्या जागेत ढकलतात. तिथं ते साठतात आणि एटीपी सिंथेज या एन्झाइममधून परत आत येताना एटीपी बनतो. बाहेरचं आवरण फोडलं तर मधली जागाच उरणार नाही, प्रोटॉन बाहेर पळून जातील. मग एटीपी कुठून? आपल्या राधानगरी धरणासारखं आहे. भिंत फुटली की पायथ्याची वीज बंद.

स्नेहल_राजारामपुरी
हे मला समजलं बघा. मग सरांचंच चुकलं म्हणायचं?

पन्हाळगड
थांबा, सरांना लगेच फासावर देऊ नका. प्रश्न चांगला आहे. मी बायोकेमिस्ट्री शिकवत होतो, आता निवृत्त आहे.

गूळपोळी, पंप आणि सिंथेजचं तुझं बरोबर आहे, पण धरणाची भिंत तू चुकीच्या जागी बांधलीस. बाहेरच्या आवरणात पोरिन नावाच्या प्रथिनाची मोठी छिद्रं असतात. साधारण पाच हजार डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून आरामात ये-जा करतात. एटीपी पाचशेच्या आसपास आणि प्रोटॉन एक. ज्या आवरणातून एटीपी सहज निघून जातो, ते प्रोटॉन काय अडवणार? अडवणारी भिंत म्हणजे आतलं आवरण. त्यातून प्रोटॉनच काय, साधा क्लोराइड पण सुखासुखी जात नाही.

म्हणून (अ) चं उत्तर: बाहेरचं आवरण काढलं तरी ऑक्सिजन वापरला जातो आणि एटीपीही बनतो. प्रयोगशाळेत हे नेहमी करतात. बाहेरचं आवरण उतरवलेल्या मायटोकॉन्ड्रियाला मायटोप्लास्ट म्हणतात. एकच काळजी घ्यावी लागते. सायटोक्रोम सी हे छोटं प्रथिन मधल्या जागेत, आतल्या आवरणाला बाहेरून चिकटून असतं आणि साखळीतल्या तिसऱ्या प्रथिन-संकुलाकडून चौथ्याकडे इलेक्ट्रॉन नेतं. ते धुऊन गेलं तर साखळी अडते. वरून सायटोक्रोम सी घातलं की पुन्हा चालू.

(ब) वर सविस्तर लिहितो, पण जेवून.

सांगलीकर_पक्का
कोल्हापूरकरांचं सगळं "जेवून" होतं. पांढरा रस्सा आधी, मायटोकॉन्ड्रिया नंतर.

पेठेतला_बाळ्या
@सांगलीकर आणि तो रस्सा जाळायचं काम कोण करतंय? मायटोकॉन्ड्रियाच की! विषय सोडलेला न्हाई.

तालमीतला
आमच्या तालमीत एकजण पिवळी पावडर घेऊन आलाय. म्हणतोय यानं मायटोकॉन्ड्रिया "फास्ट" होतो आणि आठवड्यात चरबी उतरते. कुस्तीचं वजन बसवायला घ्यावी का? इथं जाणकार मंडळी दिसाल्यात म्हणून विचारतोय. डीएनपी असं कायतरी नाव सांगाला.

पन्हाळगड
तालमीतला, जेवण बाजूला ठेवून लिहितोय. ती पावडर तोंडात घालू नका. एकदाही नाही. डायनायट्रोफिनॉल म्हणजे विष आहे. तुमचा प्रश्न आणि स्नेहलताईंचा (ब) हे एकच आहेत, म्हणून दोघांना एकत्र उत्तर देतो.

आम्ही उंदराचं यकृत काढून लगेच बर्फातल्या साखरेच्या द्रावणात कुस्करायचो. सेंट्रिफ्यूज आधी हळू फिरवला की न फुटलेल्या पेशी आणि केंद्रकं खाली बसतात. वरचं पाणी घेऊन जोरात फिरवलं की तळाला तपकिरी गोळी मिळते, ते मायटोकॉन्ड्रिया. ही गोळी छोट्या बंद काचपात्रात विरघळवायची आणि आत ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड ठेवायचा. बाहेर कागदावर पेन रेघ ओढत असतं. रेघ जितकी तिरकी, तितका ऑक्सिजन वेगानं खाल्ला जातोय.

सक्सिनेट हे इंधन घातलं की रेघ जरा तिरकी होते. मग थोडा एडीपी, म्हणजे एटीपीचा कच्चा माल, टाकायचा. रेघ एकदम तीन-चार पट तिरकी होते, कारण आता सिंथेजला काम मिळालं, प्रोटॉन आत यायला लागले, म्हणून पंपांना पुन्हा ढकलायला जागा झाली. एडीपी संपला की रेघ आपोआप पुन्हा संथ. म्हणजे एटीपी बनवणं आणि ऑक्सिजन खाणं एकमेकांना बांधलेलं आहे. बांधणारी दोरी म्हणजे आतल्या आवरणापलीकडे ढकललेले प्रोटॉन.

आता त्यात डीएनपीचा थेंब टाका. डीएनपी आवरणात विरघळतो, बाहेरून प्रोटॉन उचलतो, आत सोडतो, पुन्हा बाहेर जातो. आवरण न फाडता भोक पाडल्यासारखं. रेघ कोसळते आणि ऑक्सिजन संपेपर्यंत तशीच पळत राहते. एटीपी मात्र शून्य. पंपांना पलीकडून रेटा उरलेला नाही, मग ते मोकाट चालतात. इंधन जळतं, ऑक्सिजन जातो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघते.

म्हणून (ब) मध्ये ऑक्सिजन थांबत नाही, उलट वाढू शकतो. एटीपी थांबतो. मुलीनं "दोन्ही बंद" लिहिलं तिथं ती अडकली.

तालमीतला, हेच माणसात झालं की अंग आतून तापतं. 1933 साली अमेरिकेत हे वजन उतरवायचं औषध म्हणून आलं. लोकांना मोतीबिंदू झाले, काही तापानं गेले आणि 1938 पर्यंत ते बंद झालं. या तापावर क्रोसिन चालत नाही, कारण हा ताप मेंदूनं चढवलेला नसतो. उताराही नाही.

तालमीतला
वस्तादांना दाखवलं हे. पावडर गटारात गेली. आणणाऱ्याला दोनशे जोर लावलेत.

रंकाळा_वारा
मी इलेक्ट्रिकलचा माणूस. धाग्यातलं धरण मला खटकतंय. धरणात पाणी साठलेलं असतं, लाखो लिटर. इथं किती प्रोटॉन साठलेत ते कुणी मोजलंय का? मी हिशोब केला.

एका मायटोकॉन्ड्रियात आवरणांमधली आणि क्रिस्टांच्या आतली जागा मिळून समजा 0.1 घन मायक्रॉन. तिथला पीएच 7.2 धरला तर एका लिटरला साधारण 6 गुणिले 10 चा उणे 8 वा घात इतके मोल. आकारमानानं गुणलं, अ‍ॅव्होगाड्रोनं गुणलं. उत्तर येतं चार.

चार लाख नव्हे, चार प्रोटॉन! मॅट्रिक्स 0.5 घन मायक्रॉन आणि पीएच 7.8 धरला तर तिथं पाच. चारविरुद्ध पाच, यात कसलं धरण आणि कसली वीज?

गूळपोळी
हे कसं शक्य आहे? आमच्या नोट्समध्ये मधली जागा प्रोटॉननी गच्च भरलेली दाखवलीय, प्लस प्लस प्लस.

पन्हाळगड
रंकाळा_वारा, हिशोब बरोबर आहे आणि मला आवडला. पण हे चार म्हणजे त्या क्षणी मोकळे असलेले. प्रथिनं, फॉस्फेट आणि आवरणाचा पृष्ठभाग यांनी धरून ठेवलेले प्रोटॉन त्याच्या हजारो पट असतात आणि मोकळा एक गेला की लगेच दुसरा सुटतो. तरीही मुद्दा खरा आहे: धरण तिथंच अपुरं पडतं. जोर साठ्यातून येत नाही, विद्युतभारातल्या फरकातून येतो.

एकूण रेटा साधारण 180 ते 200 मिलिव्होल्ट धरतात. त्यातला दीडशेच्या आसपास निव्वळ विजेचा, म्हणजे आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन. उरलेला पीएचच्या फरकाचा. अर्ध्या-पाऊण एककाचा फरक म्हणजे तीस-पंचेचाळीस मिलिव्होल्ट.

रंकाळा_वारा
दीडशे मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटलं होतं. पण आवरणाची जाडी पाचेक नॅनोमीटर आहे. भागून बघा, मीटरला तीन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत मीटरला तीस लाखाला ठिणगी पडते. म्हणजे ठिणगीच्या दहापट ताण या पातळ पापुद्र्यावर कायम आहे. आता पटलं की हे आवरण एवढं घट्ट का लागतं. गळती वाढली की सगळं खलास.

माईसाहेब_कागल
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या नणंदेच्या नातवाला मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे असं डॉक्टर म्हणाले. घरात सगळे सुनेकडे बोट दाखवतात, कारण हा आजार आईकडूनच येतो म्हणे. पोरीचं तोंड बघवत नाही. खरं आहे का हे?

गूळपोळी
मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, हे खरं आहे काकू. शुक्राणूतले पुढं टिकत नाहीत.

पन्हाळगड
डीएनएबद्दल खरं, आजाराबद्दल अर्धवट. मॅट्रिक्समध्ये जो छोटा डीएनए आहे त्यात फक्त 37 जनुकं आहेत आणि त्यातून 13 प्रथिनं बनतात. ती तेराही आतल्या आवरणातल्या पंपांची आणि सिंथेजची. पण मायटोकॉन्ड्रिया चालायला हजारावर प्रथिनं लागतात. बाकी सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि आत आणली जातात. ती जनुकं आई आणि बाप दोघांकडून येतात. लहान मुलांतले बरेच मायटोकॉन्ड्रियल आजार या दुसऱ्या प्रकारचे असतात.

माईसाहेब, नातवाची जनुक तपासणी झाली असेल तर त्या रिपोर्टात बिघाड कुठल्या जनुकात आहे ते लिहिलेलं असतं. तो घेऊन जनुकतज्ज्ञाला भेटा. आणि कुठल्याही प्रकारात सुनेचा दोष नाही. आपला डीएनए कुणी निवडून आणत नाही.

माईसाहेब_कागल
रिपोर्ट मुलाकडे आहे. मागते. तुमचं वरचं लिहिलेलं आज घरात मोठ्यानं वाचणार आहे मी.

पेठेतला_बाळ्या
माई, नाद खुळा! वाचाच.

स्नेहल_राजारामपुरी
लेकीनं सगळा धागा वाचला आणि आता तिचे प्रश्न सुरू झालेत. एक: आतल्या आवरणाला खरीच भोकं पाडली तर मॅट्रिक्समधलं सगळं बाहेर सांडेल ना, मग क्रेब्ज चक्राचं काय? दोन: सरांनी (क) ला पूर्ण मार्क दिले, मग क्रिस्टा फक्त पृष्ठफळासाठीच का?

पन्हाळगड
पहिला प्रश्न ऐकून बरं वाटलं. साखरेपासून झालेलं पायरुव्हेट मॅट्रिक्समध्ये आल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आपण श्वासातून सोडतो त्यातला जवळजवळ सगळा तिथलाच. त्या कामाची एन्झाइमं मॅट्रिक्समध्ये असतात, मोठी भोकं पडली की ती बाहेर जाऊन पातळ होतात. मग पायरुव्हेट घालून उपयोग होत नाही. पण एक एन्झाइम सांडत नाही: सक्सिनेटवर काम करणारं. ते क्रेब्ज चक्रातलं असूनही आतल्या आवरणातच बसवलेलं आहे. म्हणून फाटक्या मायटोकॉन्ड्रियाला सक्सिनेट दिलं तर ऑक्सिजन जातो, पायरुव्हेट दिलं तर रेघ आडवी.

आणि उलटी गंमत एनएडीएचची, म्हणजे साखळीला इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या रेणूची. आतलं आवरण शाबूत असेल तर बाहेर घातलेला एनएडीएच आत जातच नाही, ऑक्सिजन हलत नाही. भोक पडलं की जातो आणि रेघ पळते. गोळी चांगली निघाली की फाटकी, हे आम्ही असंच ओळखायचो.

दुसऱ्या प्रश्नावर दुसऱ्या कुणीतरी बोला, माझी बोटं दुखली.

गूळपोळी
क्रिस्टा म्हणजे पृष्ठफळ, एवढंच पुस्तकात आहे. हृदयाच्या पेशीत दाट, कारण काम जास्त. जास्त क्रिस्टा, जास्त सिंथेज, जास्त एटीपी. सरळ आहे.

वाडीरत्नागिरी
पहिल्यांदाच लिहितेय, पेशीजीवशास्त्रात पीएचडी करतेय. "सरळ आहे" वर गप्प बसवलं नाही.

तान्ह्या बाळाच्या पाठीवर तपकिरी चरबी असते. तिथल्या मायटोकॉन्ड्रियात क्रिस्टा ठासून भरलेल्या असतात, पण सिंथेज फार कमी. त्याऐवजी आवरणात यूसीपी1 नावाचं प्रथिन असतं, जे प्रोटॉनना मुद्दाम आत येऊ देतं. डीएनपी करतो तेच काम, पण शरीराच्या ताब्यात, थंडी वाजली की चालू. बाळ त्यावर गरम राहतं. म्हणजे क्रिस्टा दाट म्हणजे एटीपी जास्त असं नाही. क्रिस्टा दाट म्हणजे इलेक्ट्रॉनची साखळी जास्त. पुढं त्याचं एटीपी करायचं की उष्णता, ते वेगळं ठरतं.

शिवाय क्रिस्टा ही नुसती घडी नाही. 1950 च्या दशकात पालाडे या शास्त्रज्ञाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांत ती उघड्या तोंडाची घडी दिसते आणि पुस्तकांत अजून तीच छापतात. पुढं इलेक्ट्रॉन टोमोग्राफीनं त्रिमितीत पाहिल्यावर दिसलं की क्रिस्टाचं तोंड अगदी अरुंद असतं, वीस-तीस नॅनोमीटरचं. आतली पोकळी आणि आवरणांमधली जागा यांच्यात मुक्त वाट नाही. सिंथेज जोडी-जोडीनं क्रिस्टाच्या कडेवर रांगेत बसतात आणि आवरण तिथं त्यांच्यामुळंच वाकतं. यीस्टमध्ये त्या जोड्या जुळू दिल्या नाहीत तर क्रिस्टा बिघडतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात. यीस्ट जगतं, पण हळू वाढतं.

म्हणून (क) ला मी पूर्ण मार्क दिले नसते. 😅 "एटीपी कमी" ठीक. "फक्त पृष्ठफळामुळं" याला अर्धे.

स्नेहल_राजारामपुरी
अहो ताई, तेवढेच मार्क मिळालेत, ते पण काढता?

रंकाळा_वारा
@वाडीरत्नागिरी, तोंड अरुंद असल्यानं क्रिस्टाच्या आत प्रोटॉन जास्त काळ टिकतात का? म्हणजे प्रत्येक क्रिस्टा वेगळी बॅटरी?

वाडीरत्नागिरी
2019 मधल्या एका कामात एकाच मायटोकॉन्ड्रियातल्या शेजारशेजारच्या क्रिस्टांचा व्होल्टेज वेगळा दिसला. एकीचा गळाला तरी दुसरीचा टिकला. पण प्रोटॉन तिथं खरंच साठून राहतात की पंपापासून सिंथेजपर्यंत आवरणाच्या कडेकडेनं पळतात, यावर आमच्याच लॅबमध्ये दोन गट आहेत आणि चहाच्या वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही.

पन्हाळगड
माझं मत कडेकडेनं पळणाऱ्यांच्या बाजूला. पण ते मत आहे, पुरावा अजून लटकलेला आहे.

गूळपोळी
मग नीटला एका ग्लुकोजमागं 38 एटीपी लिहायचे की 32? ते तरी सांगा कुणीतरी.

पन्हाळगड
परीक्षेला तुझ्या पुस्तकात असेल ते. आतली गोष्ट अशी: एका एनएडीएचमागं साधारण दहा प्रोटॉन बाहेर जातात. एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला चारच्या आसपास परत यावे लागतात. म्हणजे अडीच एटीपी. जुन्या पुस्तकांनी तीन धरले, म्हणून 38. त्यातही आवरण थोडं गळतंच, त्यामुळं 32 सुद्धा जास्तीत जास्तचा आकडा.

स्नेहल_राजारामपुरी
आज लेकीनं सरांना धागा दाखवला. सर हसले. (अ) आणि (ब) चं उत्तर हेच हवं होतं म्हणाले. (क) वर म्हणाले, "पीएचडीवाल्यांना सांगा, अकरावीला एवढंच."

पण तिनं घरी येऊन नवीन काढलंय. कुठंतरी वाचलं की सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर सांडलं की पेशी स्वतःला मारून टाकते. मग (अ) मध्ये बाहेरचं आवरण फोडलं तर एटीपी बनेल असं कसं म्हणायचं? पेशीच मरणार.

वाडीरत्नागिरी
बरोबर पकडलंय तिनं! 1996 मध्ये हे सापडलं. मधल्या जागेतलं सायटोक्रोम सी पेशीद्रवात आलं की कॅस्पेज नावाची एन्झाइमं जागी होतात आणि पेशीची मोडतोड सुरू होते. एकच प्रथिन, मधल्या जागेत असेल तर श्वसन, बाहेर आलं तर मरण. म्हणून बाहेरचं आवरण प्रोटॉनसाठी बिनकामाचं असलं तरी सायटोक्रोम सी अडवायला लागतंच. ते बारा हजार डाल्टनचं आहे, पोरिनमधून जात नाही.

पण सरांनी प्रश्नात "वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया" लिहिलंय ना? काचपात्रात पेशीच नाही, मरणार कोण? तिथं एटीपी बनतो. जिवंत पेशीत उत्तर उलटं.

पेठेतला_बाळ्या
म्हणजे सरांनी तो एक शब्द घातला नसता तर पोरीचं (अ) बरोबर आलं असतं? ताई, मार्क मागायला जावा की!

स्नेहल_राजारामपुरी
ती म्हणते नको. "वेगळे काढले" असं लिहिलं होतं, मीच वाचलं नाही म्हणते. आता तिला तो ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड बघायचाय. पन्हाळगड सर, कुठं बघायला मिळेल?

पन्हाळगड
विद्यापीठात माझे जुने विद्यार्थी आहेत, विचारून व्यनि करतो. पण तिला सांगा, यंत्रापेक्षा आधी सेंट्रिफ्यूजपाशी थांबावं लागतं आणि तिथं लई थंडी असते.